dx गाळलेली बॅच

नणंद म्हटली की वहिनीच्या कागाळ्या आल्याच, तेव्हा त्या आधी सांगून मोकळी होते. माझ्या वहिनीच्या हातून दूध हमखास उतू जातं, कारण गॅसपाशी उभी राहून ती मनातल्या मनात कुणाचं तरी गणित तपासत असते. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला तर नाव आठवायचं नाही, पण "तू तो ना, वजाचं चिन्ह गिळणारा?" असं मात्र बरोबर विचारेल, आणि तो बिचारा बायकोसमोर लाल होईल. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे एकदा माणसावर विश्वास टाकला की टाकला. मग तो डोक्यावर मिरे वाटायला लागला तरी हिला पत्ता नाही.

बाकी बाई सोन्यासारखी. सगळा गाव तिला 'बाई'च म्हणतो. माझा भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर. त्याने कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतून बाक आणले, पुढच्या खोलीची एक भिंत काळी रंगवली आणि बायकोला क्लास काढून दिला. "हुंडा घेतला नव्हता, आता उलटा देतोय," असं तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचा. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि संध्याकाळी पेपर तपासायला त्यांच्याकडे येऊन बसते, कारण माझ्या घरात शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो आणि इथे वहिनीचा क्लास ऐकू येतो. मधे नुसती लाकडी फळी आहे. पलीकडे खडू मोडला तरी अलीकडे कळतं. तेव्हा पुढे सांगते ते ऐकीव नाही, कानांनी ऐकलेलं आहे.

वहिनीची शिकवायची एक तऱ्हा होती. इंटिग्रल म्हणजे काय, तर वाकड्या रेषेखालचं क्षेत्रफळ. त्याचे उभे बारीक पट्टे कापायचे, प्रत्येकाची उंची गुणिले रुंदी करायची आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. ती एवढीशी रुंदी म्हणजे dx. बाकीचे मास्तर आधी ते लांबुडकं चिन्ह काढतात, मग मधलं लिहितात, आणि शेवटी जाता जाता dx चिकटवतात. वहिनी चिन्ह काढलं की थेट उजवीकडे जाऊन आधी dx लिहायची, आणि मग मधली जागा भरायची. पोरांनाही तशीच सवय लावायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "उंची कुणालाही दिसते रे. रुंदी विसरते. म्हणून तिला आधी बसवायचं."

ही सवय तिने ज्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मारूनमुटकून लावली, तो म्हणजे आमचे मानसपुत्र. हे नाव मी ठेवलंय, आणि प्रेमाने ठेवलेलं नाही. त्याची आई नर्स, ड्यूट्या वेड्यावाकड्या. पोरगं गणितात नापास होऊन आलं, आणि आलं ते आमच्या घरचंच झालं. जेवायला इथे, अभ्यासाला इथे, तापाने फणफणला तेव्हा झोपायलाही इथेच. dx म्हणजे काय हे त्याला कळलं त्या दिवशी तो ढसाढसा रडला होता. वहिनीही रडली. मी आतून ओरडले, "अगं, गणित सुटलंय ना? मग कोण गेलं?" पुढे तो एम.एस्सी. झाला, आणि वहिनीने त्याला आपल्याच क्लासात घेतलं. पहिल्या वर्षाची बॅच तो शिकवायचा. ती मुलं शेवटच्या वर्षी वहिनीकडे यायची आणि तिथून बोर्डाच्या परीक्षेला बसायची. पोरं त्याला 'सर' म्हणायला लागली तेव्हा वहिनीला कोण आनंद!

त्याच्या बॅचचे निकाल तर काय विचारता! दर चाचणीला पैकीच्या पैकी. पालक दारात हसत उभे. वहिनी म्हणायची, "माझ्यापेक्षा बरा शिकवतो गं. माझ्याकडे तर पहिल्या चाचणीत निम्मी पोरं आपटायची." मी म्हटलं, "बघ हो, तुला मुलगी असती तर जावईच केला असतास." ती म्हणाली, "मुलगाच आहे, जावई कशाला?" वहिनीला मूलबाळ नाही.

त्या वर्षी बॅच बदलायच्या थोडं आधी मानसपुत्रांनी रजा घेतली. आईची तब्येत बरी नाही म्हणाले. वहिनीने लगेच त्याची मुलं आपल्याकडे घेतली, आणि वर आईसाठी डबाही पाठवत राहिली.

त्या मुलांत एक मुलगी होती. वहिनीने पहिल्याच दिवशी तिचं नाव लगबग ठेवलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. बापाचं कुलरदुरुस्तीचं दुकान, आणि पोरीला इंजिनिअर करायचं एवढं एकच स्वप्न. बोर्डाला गणितात चांगले मार्क पडले तर सरकारी कॉलेज, नाहीतर बाप म्हणाला होता, "दुकानात बसायचं आणि गप गुमान फॅनच्या कॉइली गुंडाळायच्या."

त्या संध्याकाळी क्लास सुटला तरी लगबग एकटीच थांबली होती. वहिनीने फळ्यावर cos 3x चं इंटिग्रल दिलं. खडूचा आवाज सुरू झाला आणि लगेच थांबला.

"झालं बाई. sin 3x."

"एवढ्यात? कसं केलंस?"

"3x ला u म्हटलं. cos u चं sin u. u च्या जागी परत 3x. संपलं."

"आणि dx कुठे गेला?"

"तो जातो."

"कुठे जातो?"

"x गेला ना बाई, मग x चं सामान x बरोबर जातं. u आला की शेवटी du लिहायचा. सर म्हणतात, ती नुसती खूण आहे. चिन्हाने वाक्य सुरू होतं आणि dx म्हणजे पूर्णविराम. पूर्णविरामाची काय किंमत करायची?"

मी माझं लाल पेन खाली ठेवलं.

"बरं," वहिनी म्हणाली. "उत्तर उलटं करून बघ. sin 3x चं डेरिव्हेटिव्ह काढ."

"तीन cos 3x."

"आपण मागितलं काय होतं?"

"नुसतं cos 3x. तिप्पट आलं." लगबग लगेच म्हणाली, "मग तीननं भागून टाकू."

"का?"

"जास्त आलं म्हणून."

"अगं बये, जास्त का आलं ते तरी बघशील? मीठ जास्त पडलं म्हणून पाणी ओतत सुटलीस, तर उद्या कुणाच्या ताटात काय वाढशील? बस खाली. सोपं घेऊ. y म्हणजे 2x, सरळ रेषा. शून्यापासून तीनपर्यंत त्या रेषेखालचं क्षेत्रफळ सांग. इंटिग्रल नको, चित्र काढ."

"त्रिकोण आहे. पाया तीन, उंची सहा. निम्मं करायचं. नऊ."

"आता तेच तुझ्या सरांच्या पद्धतीने. 2x ला u म्हण."

"u शून्यापासून सहापर्यंत. 2x च्या जागी u, शेवटी du. u चा वर्ग भागिले दोन. छत्तीस भागिले दोन..." आवाज हळू झाला. "अठरा."

"त्रिकोण खोटं बोलतो का?"

"नाही."

"मग?"

"दुप्पट आलं, बाई. पण मी सगळं तर नीट केलं. u पण बदलला, खालचे-वरचे आकडे पण बदलले."

"सगळं बदललंस. एक सोडून. आता या त्रिकोणाचे बारीक उभे पट्टे काप. u मांडल्यावर शेवटच्या पट्ट्याची उंची किती?"

"सहाच. उंची नाही बदलली."

"पाया?"

"तीनाचा सहा झाला."

"पट्टे वाढले का?"

"नाही, तेवढेच." मग खडू टेकवल्याचा आवाज आला. "अय्या! म्हणजे प्रत्येक पट्टा दुप्पट रुंद झाला. रबर ताणल्यासारखा."

"कुणी ताणला?"

"मी. u मांडून."

"मग हिशेब कुणी द्यायचा? पट्ट्याची रुंदी म्हणजे dx. नवीन रुंदी du. तू जुनी फेकून दिलीस आणि नवीन तिच्या जागी बसवलीस, जणू दोघी जुळ्या बहिणी. त्या जुळ्या नाहीत. du दोन dx एवढी आहे. म्हणून dx च्या जागी काय लिहायचं?"

"अर्धा du. मग अठराचे निम्मे नऊ!" लगबग टाळ्या वाजवत म्हणाली, "म्हणजे शेवटी भागायचंच ना बाई? मी म्हणतच होते!"

वहिनी हसली. अशी हसते तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं.

"असं? मग हे कर. x वर्ग अधिक एक, सगळ्याचा वर्ग, dx. शून्यापासून एकपर्यंत."

लगबगने सरसर लिहिलं. कंसाला u म्हटलं, u चा घन भागिले तीन झाला, मग उलटं करून पाहिलं तर 2x जास्तीचं येत होतं, म्हणून 2x नेही भागलं. उत्तर आलं कंसाचा घन भागिले 6x.

"आता किमती घाल."

"एकला, आठ भागिले सहा. शून्याला..." खडू थांबला. "बाई, खाली शून्य आला. हे उत्तरच नाही."

"मूळ रेषा काय वेडीवाकडी आहे का? शून्यापाशी उंची किती?"

"एक. एकपाशी चार. पाया एक. म्हणजे क्षेत्रफळ एक आणि चारच्या मधे कुठेतरी हवं."

"कंस उघडून कर, आपलं साधं."

"x चा चौथा घात, अधिक 2x वर्ग, अधिक एक... एक पंचमांश, दोन तृतीयांश आणि एक. अठ्ठावीस पंधरांश. दोनाला थोडं कमी. हे बरोबर वाटतंय."

"मघाशी दोनने भागलेलं चाललं. आता 2x ने का नाही चाललं?"

लगबग पहिल्यांदाच गप्प बसली. वहिनी वाट बघत राहिली. तिला वाट बघता येते, हा तिचा गुण. मला येत नाही. मी फळीअलीकडून उत्तर सांगायच्या बेतात होते, तोंडावर हात ठेवून बसले.

"कारण दोन सगळीकडे दोनच," पोरगी अगदी सावकाश म्हणाली. "आणि 2x प्रत्येक पट्ट्यापाशी वेगळा. शून्यापाशी पट्टा जवळजवळ ताणतच नाही, उलट चेपतो. एकपाशी दुप्पट ताणतो. सगळ्यांची बेरीज झाल्यावर एकदाच भागून कसं चालेल? कुणाला कितीनं भागायचं?"

"मग कधी भागायचं?"

"बेरजेच्या आधी. ज्याच्या त्याच्या जागी. म्हणजे dx च्या जागीच." आणि मग एकदम, "थांबा, थांबा! कंसाच्या बाहेर आणखी एक x दिला असता, तर x आणि dx मिळून अर्धा du झाला असता. जोडीनं गेले असते दोघं. आम्हाला तसं एक गणित पुस्तकात दिसलं होतं, तेव्हा सर म्हणाले, तो x नंतर बघू."

"ये गं ये, माझी बाय ती," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला इथे कळला.

पण लगबग धपकन बाकावर बसल्याचा आवाज आला. "बाई, मग वर्षभर माझे पैकीच्या पैकी कसे आले?"

"कुठली गणितं यायची चाचणीला?"

"x अधिक चारचा पाचवा घात. cos कंसात x अधिक सात. एक भागिले x वजा दोन. अशी."

मी केमिस्ट्रीवाली, पण एवढं मलाही कळलं. x अधिक चार म्हणजे रेषा नुसती बाजूला सरकते, ताणत नाही. तिथे du आणि dx खरोखरच सारखे. तेवढ्याच गणितांत dx गिळला तरी उत्तर चुकत नाही.

"म्हणजे रीत चुकीची आणि उत्तरं बरोबर?" पोरीचा आवाज चिरकला. "बोर्डाला अशी सोपी येतात का?"

"नाही येत."

"सरांना माहीत होतं?"

"राहून गेलं असेल गं," वहिनी म्हणाली. "चुकून."

"वर्षभर एकही ताणणारं गणित चुकूनसुद्धा आलं नाही, बाई?"

लगबग रडत रडत घरी गेली. मी बाहेर आले तर वहिनी फळ्याकडे पाठ करून उभी होती. "त्याला मी शिकवलंय," एवढंच म्हणाली. "याच त्रिकोणावर."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या बॅचची चाचणी घेतली. आग किती पसरली ते बघायला. ताणणारी गणितं दिली, आणि लगबग सोडली तर एकूण एक आपटले. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मार्क दाबून ठेवले असते, आधी शिकवून घेतलं असतं. आमची हरिश्चंद्राची बहीण! जसे पडले तसे मार्क पोरांच्या हाती दिले. "मार्क खोटे देण्यानंच तर हे सगळं झालंय," म्हणाली.

मानसपुत्र बोलावल्यावर आले. मान खाली, हात पुढे बांधलेले. मी मुद्दाम आतच बसले, कारण बाहेर असते तर मी बोलले असते.

"का केलंस?" वहिनीने विचारलं.

"पोरं पळून जातात हो बाई. du म्हटलं की डोळे फिरवतात. दुसऱ्या महिन्यात निम्मा क्लास रिकामा होतो, तुमचाच अनुभव आहे. म्हटलं, आधी जरा गोडी लागू दे. पुढे तुमच्याकडे येणारच होती, तुम्ही शिकवणारच होतात."

"गोडी लागावी म्हणून खोटं शिकवायचं? तुला एका dx साठी मी किती दिवस बसवलं होतं, आठवतं?"

"चुकलो बाई."

झालं! विरघळली. चहा टाकला त्याच्यासाठी. मी आतून कप आपटला, तर माझ्याकडेच डोळे वटारले. तो गेल्यावर मी म्हटलं, "पालकांना सांग. आजच सांग की शिकवलं कुणी."

"नाही. माझ्या घरात, माझ्या भिंतीवर शिकवलं गेलंय. मी लक्ष द्यायला हवं होतं. त्याचं नाव कशाला खराब करू? पोराने आता कुठे उभं राहायला सुरुवात केलीय."

पोर उभं कुठे राहिलंय ते आम्हाला दोनच दिवसांत कोपऱ्यावर दिसलं. भला मोठा फ्लेक्स, त्यावर मानसपुत्रांचा हाताची घडी घातलेला फोटो, बाजूला नव्या क्लासचं नाव आणि खाली अक्षरं: 'पैकीच्या पैकी गुणांची खात्री'. आईची तब्येत ठणठणीत होती. तीच उद्घाटनाची मिठाई वाटत होती, आणि आमच्या डब्यातून आलेलं जेवण रोज बरं असायचं असंही वर म्हणाली.

मग पालक यायला लागले. "बाई, सरांकडे पोराला शंभर पडायचे, तुमच्याकडे आठवड्यात तीसवर आला." "बाई, वय झालं की होतं असं, राग मानू नका." हे ऐकवलं कुणी? माझ्याच कॉलेजातल्या शिपायाने! त्याला फळीआडून पेन फेकून मारावंसं वाटलं मला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेल्याने विहीर खणली होती, आणि ती वर्षभर खणत होता. आपल्याकडे असताना पोरांना शंभर. ती वहिनीकडे गेली की आपटणार. मग आपण नवं दुकान मांडायचं, आणि शंभरांची आशा धरून पोरं आपसूक मागे. dx गाळून त्याने अख्खी बॅच वळवली होती. हे मी वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "इतका वाईट नाहीये गं तो." पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

"सांग ना आता तरी पालकांना!"

"आता सांगितलं तर मत्सरानं बोलते म्हणतील," ती म्हणाली. ते मात्र खरं होतं.

आठवडाभरात बाक रिकामे झाले. कुणाला काही शिकवून दुरुस्त करायच्या आतच गेली पोरं. राहिली एकटी लगबग. वहिनी तिच्या एकटीसाठी उभी राहून शिकवायची, आणि पोरगीही अशी तयार झाली की काय सांगू. u मांडला की आधी du लिहायची, मग बाकी. मग एक दिवस तिचा बाप आला. हात कुलरच्या ग्रीसने काळे, बोलणं नम्र. "बाई, पोरगी म्हणते तुम्हीच बऱ्या. पण सगळी पोरं तिकडे. तिकडे चाचण्या होतात, नंबर लागतात. एकटीला कसं कळणार ती कुठे आहे?" वहिनी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." लगबग जाताना तिच्या गळ्यात पडली. "मी तिकडे गेले तरी सगळ्यांना खरं सांगेन, बाई," असं म्हणाली. वहिनीने तिच्या पाठीवर थोपटलं. तेवढ्या एका वाक्यावर बाई पुढचे दिवस तगली. रोज मला म्हणायची, "पोरगी आहे ना तिथे. एकाला जरी खरं माहीत असलं ना, तरी पुरतं."

आता ही लगबग दारात परत आली तो दिवस सांगते आणि संपवते.

दुपारची वेळ होती. मी आणि वहिनी पुढच्या खोलीतच बसलो होतो, कारण आता तिथे कुणी येत नव्हतं. लगबग दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"सरांनी आज सब्स्टिट्यूशन, ते u मांडायचं, घेतलं," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून."

"मग?" वहिनी उठलीच. "कसं घेतलं?"

"बरोबर घेतलं, बाई. अगदी बरोबर. त्रिकोण काढला. नऊ आणि अठरा. पट्टे ताणून दाखवले. मग x वर्ग अधिक एकचं घेतलं, खाली शून्य आणून दाखवला. सगळं तुमच्यासारखं. शब्दसुद्धा."

"अगं मग रडतेस कशाला? सुधारला की तो!" वहिनीचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! मी मात्र पोरीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"नंतर एका मुलाने विचारलं, सर, मागच्या वर्षी तर तुम्ही dx सोडायला सांगितलं होतं. तर सर म्हणाले..." "म्हणाले, मागच्या वर्षी मी बाईंच्या घरात शिकवत होतो. त्यांची तीच पद्धत. त्यांचं खाल्लेलं, उलट कसं बोलणार? म्हणून तर बाहेर पडलो. आता बघा, खरं शिकवतोय की नाही."

मी उभी राहिले. तोंडात इतक्या शिव्या एकदम आल्या की एकही धड बाहेर पडेना.

वहिनीने अगदी हळू विचारलं, "मग पोरं काय म्हणाली?"

"टाळ्या वाजवल्या."

"आणि तू?"

लगबगने ओढणीचं टोक पिळलं. "सर माझ्याकडेच बघत होते, बाई. त्यांना माहीत होतं मला माहीत आहे. परवाच त्यांनी बाबांना सांगितलंय, हिची फी मी घेणार नाही, ही माझी पहिली येणारी मुलगी. बाबा इतके खूश आहेत... मला हात वर करता आला नाही."

"टाळ्या वाजवल्यास?"

पोरीने मान हलवली. हो म्हणून.

मला वाटलं, वहिनी आता नेहमीसारखं काहीतरी म्हणेल, राहून गेलं असेल, चुकून झालं असेल. तिने तसलं काही म्हटलं नाही. बाकाला धरून उभी राहिली आणि पहिल्यांदा माझ्या देखत मोठ्याने म्हणाली, "फसवलं गं मला. त्याने फसवलं ते समजू शकते मी, त्याला दुकान चालवायचंय. पण तुला तर सगळं कळलं होतं."

"मी परत येऊ का, बाई?" लगबग हुंदके देत म्हणाली. "मी बाबांना सांगते. मी उद्यापासून येते."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं.

"नको," ती म्हणाली. "तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नाही."